बरणीवरची तारीख

(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, जानेवारी २०२५. भाषणाचा मजकूर.)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला आहे. आपल्या भागातले पदार्थ ऑनलाइन विकायचे तर काय काय करावं लागतं, ते सांग, असं म्हणाले. कारण सोपं आहे. आपल्या बॅचमधल्या निदान चार-पाच घरांत कुणी ना कुणी हे सुरू करायच्या बेतात आहे. कुणाच्या वहिनी चिकूच्या सुक्या फोडी करतात, कुणाकडे सातपाटीचे सुके बोंबील येतात, कुणाची सून मसाले करते. आमच्या घरी पामला कोळंबीचं लोणचं होतं आणि ते पुण्यापासून बंगळुरूपर्यंत जातं. लोणचं सौ. करते. मी तारापूर एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या तपासणी प्रयोगशाळेत नोकरी केली, त्यामुळे मोजणं, नोंद ठेवणं आणि बरण्या पॅक करणं ही माझी कामं.

मी सगळ्या पदार्थांबद्दल बोलणार नाही. कोळंबीच्या लोणच्याची एकच बरणी घेतो, कारण या धंद्यातल्या सगळ्या अडचणी तिच्यात आहेत. आणि एकच गोष्ट सांगतो. त्या बरणीवर आपण जी तारीख छापतो, ती गिऱ्हाइकाला दिलेला शब्द असतो. बाकी सगळं, म्हणजे पॅकिंग काय आणि परवाना काय, तो शब्द पाळण्यासाठी आहे.

पहिला प्रश्न, ही तारीख ठरवायची कशी? आपल्याकडे उत्तर तयार असतं: "आमच्या आईचं लोणचं वर्षभर टिकायचं." टिकायचंही. पण ते बहुतेक कैरीचं होतं. कैरी मुळात आंबट, वर मीठ भरपूर. कोळंबी आंबट नसते. ती प्रथिनांची आणि पाण्याची असते. तिला टिकवायची तर आंबटपणा आपल्याला बाहेरून घालावा लागतो, आणि तो पुरेसा झाला की नाही हे जिभेला कळत नाही.

इथे जरा नीट लक्ष द्या, कारण हा जिवाशी खेळ आहे. क्लोस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचा एक जिवाणू आहे. मातीत, पाण्याच्या तळच्या गाळात त्याची बीजं सापडतात. ही बीजं उकळत्या पाण्याच्या तापमानालाही मरत नाहीत. कोळंबी तेलात परतली तरी तिच्यात पाणी आहे तोवर आतलं तापमान शंभर अंशांच्या फार पुढे जात नाही. हा जिवाणू हवा नसेल तिथेच वाढतो. आणि लोणच्यावर आपण जो तेलाचा थर देतो, तो नेमकं हेच करतो, हवा तोडतो. बुरशीसाठी तेलाचा थर चांगला, पण या जिवाणूला तो सोयीचा. त्याचं विष फार थोडं पोटात गेलं तरी माणसाच्या स्नायूंना लकवा येतो, श्वास थांबू शकतो. आणि पदार्थाला वास येईलच, चव बदलेलच, असं नाही.

त्याला रोखायचा घरगुती धंद्यात जमण्यासारखा एक खात्रीचा उपाय आहे, आंबटपणा. पीएच ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर ही बीजं वाढत नाहीत. आम्ही घरात ४.३ ची रेघ आखून घेतली आहे, म्हणजे मोजण्यात थोडं इकडेतिकडे झालं तरी धोका नको.

आठवीत सरांनी आपल्याला लिटमस कागद दाखवला होता, आठवतोय? तो इथे कामाचा नाही. आम्ल आहे एवढंच तो सांगतो, पीएच ४.३ आहे की ४.८ हे सांगत नाही, आणि आपला सगळा प्रश्न तर तेवढ्याच फरकाचा आहे. त्यासाठी अंक दाखवणारा पीएच मीटर हवा. खिशात मावणारे मीटर मिळतात. वापरण्याआधी दर वेळी तो ४ आणि ७ पीएचच्या ठरलेल्या द्रावणात बुडवून जुळवून घ्यायचा. तेल मीटरच्या टोकाला चिकटलं की आकडा खोटा येतो, म्हणून लोणच्यातलं तेल आधी निथळून काढायचं, बाकीचं थोड्या शुद्ध, म्हणजे डिस्टिल्ड पाण्याबरोबर मिक्सरमध्ये वाटायचं आणि मग मोजायचं.

आता एक घाणा प्रत्यक्ष पाहू. नोव्हेंबरात आम्ही सोललेली, धागा काढलेली चार किलो कोळंबी घेतली. मीठ-हळद लावून तेलात परतली. पाणी आटलं तेव्हा ती सव्वादोन किलोच्या आसपास उरली. त्यात आलं-लसूण, मसाला, तेल आणि मोजून व्हिनेगर. लिंबू का नाही, असं सगळे विचारतात. लिंबाचा आंबटपणा फळागणिक आणि मोसमागणिक बदलतो. व्हिनेगरच्या बाटलीवर आम्लाचं प्रमाण छापलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक घाण्यात तेवढंच आम्ल पडतं. चवीसाठी लिंबू जरूर पिळा, पण टिकण्याचा भार त्याच्यावर टाकू नका.

त्या दिवशी संध्याकाळी मी दोन मोजमापं केली. नुसत्या मसाल्याचा पीएच ४.० आला. आम्ही खूश व्हावं असा आकडा. पण कोळंबी मसाल्यातून काढून, पुसून, तिचा गाभा वेगळा वाटून मोजला तर ५.१. म्हणजे बाहेर आंबट आणि आत अजून कोळंबीच. आम्ल आत मुरायला वेळ लागतो. म्हणून आमच्याकडे लोणचं लगेच बरणीत भरत नाहीत. स्टीलच्या झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये पाच दिवस ठेवतात आणि रोज एकदा ढवळतात. पाचव्या दिवशी गाभ्याचा पीएच ४.२ आला. तेव्हाच भरायला घेतलं. तो ४.३ च्या खाली आला नसता तर व्हिनेगर वाढवून, पुन्हा गरम करून, पुन्हा थांबलो असतो. पण आकडा मनासारखा आल्याशिवाय बरणी भरायची नाही, हा घरचा नियम.

पीएचने विषाचा प्रश्न सुटतो. तारखेचा प्रश्न वेगळा आहे, तो खवटपणाचा. तेल आणि कोळंबीची चरबी हवेने आणि उजेडाने हळूहळू खवट होते. हे नाकाला कळतं, पण उशिरा. म्हणून प्रत्येक घाण्यातल्या दोन बरण्या आम्ही विकत नाही. एक साध्या कपाटात आणि एक पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवतो, जिथे दुपारी चांगलं तापतं. कुरियरच्या गाडीत आणि गोदामात बरणीचं जे होणार, तेच माळ्यावर होतं. दर पंधरा दिवसांनी पाहायचं: झाकण फुगलंय का, बुडबुडे दिसतात का, कडेला बुरशी आहे का, रंग काळवंडला का. महिन्यातून एकदा नवी बरणी उघडून वास आणि पीएच. झाकण फुगलेली बरणी चाखून बघायची नाही. ती आणि तिच्या घाण्यातल्या सगळ्या बाजूला काढायच्या.

माळ्यावरच्या बरण्या सहा महिने चांगल्या राहिल्या, तेव्हा आम्ही लेबलवर तीन महिने छापले. निम्मं धरायचं, कारण गिऱ्हाईक ओला चमचा घालणार, बरणी गॅसशेजारी ठेवणार, हे गृहीत धरलं पाहिजे. शिवाय एक नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घेतला. तो खर्च सुरुवातीला जड वाटतो, पण पाककृती बदलत नाही तोवर त्याच अहवालाच्या आधारावर आपण उभे असतो.

सुके बोंबील किंवा सोडे विकणाऱ्यांनी मात्र पीएचच्या मागे लागू नये. तिथे टिकाव आंबटपणाचा नाही, कोरडेपणाचा आहे. बोंबील दुमडला तर वाकतो की मोडतो, ही आपल्या आज्यांची चाचणी अजूनही चांगली आहे. पावसाळ्यात तो हवेतलं पाणी ओढतो आणि साध्या प्लास्टिकच्या पिशवीतून त्याचा वास बाहेर येतो, कुरियरवाला पार्सल घ्यायला कुरकुरतो. त्याला आतून ॲल्युमिनियमचा थर असलेली जाड पाकिटं लागतात. पदार्थ कशामुळे टिकतो हे आधी ओळखायचं, मग पॅकिंग निवडायचं.

आता गळती. तेल गळलेलं पार्सल म्हणजे नुसतं आपलं नुकसान नाही, शेजारच्या दहा पार्सलांचंही. बरणी गळते ती बहुधा फुटून नव्हे, झाकणातून. त्याची कारणं तीन.

पहिलं, उष्णता. शंभर मिलीलीटर तेल पंचवीस अंशांनी तापलं की जवळजवळ पावणेदोन मिलीलीटरने वाढतं. सकाळी थंडीत काठोकाठ भरलेली बरणी दुपारी बंद गाडीत तापली की ते तेल जागा शोधतं. म्हणून वर साधारण दीड सेंटीमीटर मोकळं ठेवायचं. बरणी कमी भरलेली दिसते म्हणून गिऱ्हाईक कुरकुरेल, तर लेबलवरचं वजन बरोबर असू द्या, बाकी त्याला समजावता येतं.

दुसरं, विमान. लांबचं पार्सल विमानाने जाऊ शकतं. तिथे सामानाच्या कप्प्यातला हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा पाव भागापर्यंत कमी होतो. बरणीतली हवा झाकणाला आतून ढकलते. मुंबईपर्यंत जराही न गळलेली बरणी बंगळुरूला तेलकट पोचते ती यामुळे.

तिसरं आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे बरणीच्या काठावरचं तेल. आम्ही पीईटीची, म्हणजे पाण्याच्या बाटलीच्या जातीच्या प्लास्टिकची बरणी वापरतो. तिच्या झाकणात ॲल्युमिनियमची चकती असते. इंडक्शन सीलिंगचं हातात धरायचं मशीन झाकणावर टेकवलं की चकती तापते, तिच्याखालचा प्लास्टिकचा पातळ थर वितळतो आणि बरणीच्या काठाला चिकटतो. पण काठावर तेलाचा थेंब असेल तर तिथे तो चिकटत नाही, आणि बाहेरून पाहून काही कळत नाही. म्हणून लोणचं रुंद तोंडाच्या फनेलमधून भरायचं आणि प्रत्येक काठ कोऱ्या कागदाने दोनदा पुसायचा. चकती घेताना ती पीईटीला चिकटणारीच आहे ना, हे दुकानदाराला विचारा. दुसऱ्या प्लास्टिकसाठीची चकती चिकटल्यासारखी वाटते आणि सोलून निघते. लोणचं गार करूनच भरा, पीईटी साधारण सत्तर अंशांच्या पुढे मऊ पडून वाकडी होते. सील गार झालं की झाकण पुन्हा एकदा घट्ट करा, कारण तापल्यावर ते थोडं सैल होतं.

मग चाचणी. सील केलेल्या सगळ्या बरण्या आम्ही वर्तमानपत्रावर उलट्या ठेवतो, चोवीस तास, त्यातले दुपारचे दोन तास उन्हात. कागदावर तेलाचा डाग पडला की ती बरणी परत. वर्तमानपत्राचा कागद यासाठी फार चांगला, सुईएवढा डागही पसरून दिसतो. पास झालेली बरणी झिप पिशवीत, पिशवी बबल रॅपमध्ये, ते पाच थरांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात. खोकं हलवून आत काही हललं तर पुन्हा कागद भरायचा. नवीन मापाचं खोकं घेतलं की एक पार्सल कंबरेच्या उंचीवरून दहा वेळा टाकून बघायचं: एकदा कोपऱ्यावर, तीनदा त्या कोपऱ्याच्या कडांवर आणि सहा वेळा सहा बाजूंवर. पॅकिंगच्या क्षेत्रात ही पद्धत रूढ आहे. आमच्या अंगणात ती करताना नातवंडांना फार मजा येते.

आता परवाना. इथे लोक उगाच घाबरतात किंवा उगाच दुर्लक्ष करतात. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा, त्याचे परवान्याचे नियम २०११ चे. २०२५ मध्ये वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर परवाना नव्हे, नुसती नोंदणी पुरत होती. ती foscos.fssai.gov.in या संकेतस्थळावर होते. फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा, आणि तेव्हा वर्षाला १०० रुपये लागायचे. तेव्हा ती एका वेळी एक ते पाच वर्षांची घेता यायची. उलाढाल १२ लाखांच्या वर आणि २० कोटींपर्यंत गेली की तेव्हा राज्याचा परवाना लागायचा, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाचा. नोंदणी झाली की चौदा आकडी क्रमांक मिळतो. तो लेबलवर छापावा लागतो, आणि त्याच्याशिवाय ऑनलाइन विक्रीची मोठी दुकानं तुम्हाला नोंदवून घेत नाहीत. व्हॉट्सॲपवर विकतो म्हणून नोंदणी नको, असं मात्र नाही. विकायला सुरुवात करण्याआधी ती हवी.

एक गैरसमज दूर करतो. तो चौदा आकडी क्रमांक म्हणजे तुमचं लोणचं सरकारने चाखून पास केलं, असा अर्थ नाही. त्याचा अर्थ एवढाच की काही झालं तर कुणाच्या दारात यायचं हे सरकारला ठाऊक आहे. पदार्थाची जबाबदारी आपलीच राहते.

लेबलवर काय असावं? पदार्थाचं नाव, घटक जास्तीपासून कमीकडे उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, आपलं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन, घाण्याचा क्रमांक, उत्पादनाची तारीख, वापरण्याची अंतिम तारीख, एमआरपी. मांसाहारी खूण आता तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण आहे, पूर्वीचा गोल नव्हे. आणि कोळंबी असल्याचं ॲलर्जीच्या सूचनेत वेगळं लिहायचं, कारण काहींना ती घातक ठरते. घाण्याचा क्रमांक सर्वांत महत्त्वाचा समजा. एका बरणीची तक्रार आली की त्याच घाण्यातल्या बाकीच्या बरण्या कुठे गेल्या हे वहीत पाच मिनिटांत सापडलं पाहिजे.

शेवटी या तारखेचा हिशोब मांडून दाखवतो, म्हणजे धंदा कसा आखायचा हे कळेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्या कंपन्यांना सांगितलं की माल गिऱ्हाइकाच्या हातात पडेल तेव्हा त्याच्या मुदतीचे ३० टक्के किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत. आम्ही ४५ धरतो. आमची मुदत ९० दिवसांची, लोणचं शिजवल्या दिवसापासून. पहिले पाच दिवस मुरायला, एक दिवस सील करून उलटं ठेवायला. पोचायला आणखी पाच. म्हणजे चाळिसाव्या दिवसापर्यंत बरणी घरातून निघालीच पाहिजे. लेबलवर ९० दिवस असले तरी विकायला आपल्या हातात साधारण चौतीस दिवसच असतात.

नोव्हेंबरच्या त्या घाण्यातून पाव किलोच्या अठरा बरण्या झाल्या. एक तपासायला उघडली, दोन राखून ठेवल्या, उरल्या पंधरा. चौतीस दिवसांत पंधरा बरण्या जातील एवढी मागणी आहे का, हे कोळंबी आणण्याआधी पाहायचं. स्वस्त मिळाली म्हणून दहा किलो आणली तर उरलेल्या बरण्या शेवटी घरच्यांनी खायच्या किंवा मुदत वाढवून छापायचा मोह आवरायचा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा मेअखेरीस मोठा साठा करून ठेवावा असं वाटतं. आम्ही तो करत नाही. त्या दोन महिन्यांत ऑर्डर घेत नाही, तसं गिऱ्हाइकांना आधी कळवतो, आणि ऑगस्टात तीच माणसं पुन्हा फोन करतात.

तेव्हा ज्यांना सुरू करायचं आहे त्यांनी क्रम उलटा करू नये. आधी मोजायचं आणि तपासून घ्यायचं, मग बरण्या उलट्या करून बघायच्या, मग नोंदणी, मग लेबल, आणि सगळ्यात शेवटी फोटो टाकून ऑर्डर घ्यायची. बहुतेकांचा फोटो पहिला असतो.

माझा पीएच मीटर पामला घरी असतो. कुणाला आपलं लोणचं मोजून बघायचं असेल तर एक बरणी घेऊन या. तपासायला दोन चमचे पुरतात. बाकीचं तिथेच भाकरीबरोबर संपवू, फक्त आकडा ४.६ च्या खाली असला पाहिजे.